साइनचा अवकलज कोसाइन, पण कोणत्या मापात?

साइनचा अवकलज कोसाइन असतो, हे बारावी सायन्सच्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला तर हे विधान पाच मिनिटांत पडताळून पाहता येतं. कॅल्क्युलेटर अंशांवर, म्हणजे DEG वर ठेवा. ३० अंशांची साइन ०.५ येते आणि ३१ अंशांची ०.५१५०३८. कोन एका अंशाने वाढला तेव्हा साइन ०.०१५०३८ ने वाढली. अवकलज, ज्याला वर्गात सगळे डेरिव्हेटिव्ह म्हणतात, तो म्हणजे बदलाचा दर. सूत्राप्रमाणे हा दर ३० अंशांच्या कोसाइनइतका, म्हणजे ०.८६६०२५ यायला हवा होता. प्रत्यक्षात तो सत्तावन्न पटींहून लहान आला.

एक अंशाचं पाऊल फार मोठं पडलं असेल, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. अवकलजात पाऊल लहान लहान करत न्यायचं असतं. म्हणून ३० वरून ३०.१ वर जाऊ. साइनमधली वाढ भागिले ०.१ केलं की दर ०.०१५१०७ येतो. ३०.०१ वर गेलो तर तो ०.०१५११४ येतो. पाऊल लहान होत गेलं तसा दर ०.०१५११५ या आकड्यावर स्थिरावतो आहे. ०.८६६ च्या दिशेने तो जराही सरकत नाही. ०.८६६०२५ ला ०.०१५११५ ने भागलं तर उत्तर सुमारे ५७.३ येतं.

यात कॅल्क्युलेटर बरोबर आहे आणि पाठ्यपुस्तकातलं सूत्रही बरोबर आहे. सूत्रामागे एक अट आहे, की कोन रेडियनमध्ये मोजलेला असला पाहिजे. ही अट बहुतेकांनी ऐकलेली असते, पण तिच्याकडे शिस्तीचा नियम म्हणून पाहिलं जातं, जणू कुणी तरी ठरवलं म्हणून पाळायची. खरं तर सिद्धतेच्या एका नेमक्या ओळीत ही अट आत शिरते आणि ती ओळ बोट ठेवून दाखवता येते. त्यासाठी सूत्र मूळ व्याख्येपासून काढावं लागतं.

व्याख्या अशी की कोन x असताना साइन किती आहे ते पाहायचं, मग कोन थोडासा, h एवढा वाढवायचा, साइनमधला फरक काढायचा, त्याला h ने भागायचं आणि h शून्याकडे नेताना हा भागाकार कुठे जातो ते बघायचं. h ला थेट शून्य करता येत नाही, कारण मग शून्य भागिले शून्य होईल. म्हणून आधी फरकाची मांडणी बदलायची. दोन कोनांच्या बेरजेची साइन आपण शाळेतच शिकलेलो असतो:

sin(x + h) = sin x · cos h + cos x · sin h

यातून sin x वजा करून h ने भागलं, आणि ज्या पदांत sin x आहे ती एकत्र केली, की हे हाती येतं:

[sin(x + h) − sin x] / h = sin x · (cos h − 1)/h + cos x · (sin h)/h

इथे घाई न करता थांबायला हवं, कारण या ओळीत एक मोठं काम झालेलं आहे. h शून्याकडे जाताना x हलत नाही. म्हणून sin x आणि cos x हे दोन्ही सीमेच्या बाहेर स्वस्थ उभे आहेत. साइनच्या वक्राचा उतार कुठल्याही बिंदूपाशी काढायचा तरी प्रश्न दोनच उरतात: (sin h)/h कुठे जातं आणि (cos h − 1)/h कुठे जातं. नीट पाहिलं तर पहिला भागाकार म्हणजे शून्य कोनापाशी साइनचा उतार, आणि दुसरा म्हणजे शून्य कोनापाशी कोसाइनचा उतार. सबंध वक्राचं भवितव्य अशा रीतीने शून्यापाशी ठरतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. इथपर्यंत कोन कशात मोजला हे आपण कुठेच वापरलेलं नाही. बेरजेचं सूत्र अंशांतही खरं आहे आणि रेडियनमध्येही. त्यामुळे ५७.३ चा घोळ जिथे कुठे आहे, तो या ओळीनंतरच असणार.

आता (sin h)/h कडे वळू. कागदावर एक वर्तुळ काढा, त्रिज्या १ आणि केंद्र O. केंद्रातून उजवीकडे आडवी त्रिज्या OA काढा. तिच्यापासून वर h एवढ्या लहान कोनावर दुसरी त्रिज्या OP काढा. A पाशी वर्तुळाला स्पर्शिका काढा आणि OP वाढवून ती स्पर्शिकेला T मध्ये मिळू द्या. आता एकात एक बसलेल्या तीन आकृत्या दिसतील. सगळ्यात आतला त्रिकोण OAP, त्याला सामावून घेणारी वर्तुळपाकळी OAP, आणि पाकळीला सामावून घेणारा काटकोन त्रिकोण OAT.

आतल्या त्रिकोणाचा पाया OA म्हणजे १ आणि उंची sin h, म्हणून त्याचं क्षेत्रफळ sin h च्या निम्मं. बाहेरच्या त्रिकोणाचा पाया तोच आणि उंची AT म्हणजे tan h, म्हणून त्याचं क्षेत्रफळ tan h च्या निम्मं. मधल्या पाकळीचं क्षेत्रफळ या दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार, हे चित्रातच दिसतं. आता ते क्षेत्रफळ किती, हे लिहिण्याची वेळ येते, आणि नेमक्या याच क्षणी माप विचारावं लागतं. पूर्ण वर्तुळाचं क्षेत्रफळ π आहे. कोन अंशांत असेल तर पाकळी हा वर्तुळाचा h/३६० वा भाग, म्हणून तिचं क्षेत्रफळ πh/३६०. कोन रेडियनमध्ये असेल तर पूर्ण वर्तुळ २π रेडियनचं, पाकळी हा त्याचा h/२π वा भाग, आणि π ला π जाऊन क्षेत्रफळ उरतं नुसतं h/२.

रेडियन घेतले तर तिन्ही क्षेत्रफळांची दुप्पट करून मिळतं:

sin h < h < tan h

पूर्ण ओळीला sin h ने भागून उलटवलं की (sin h)/h हा भागाकार cos h आणि १ यांच्यामध्ये अडकतो. h शून्याकडे गेला की cos h स्वतःच १ कडे जातो. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर मधल्याला १ शिवाय जागा उरत नाही. आकड्यांत पाहायचं तर h ०.१ असताना भागाकार ०.९९८३३४ येतो आणि ०.०१ असताना ०.९९९९८३. h ऋण घेतला तरी फरक पडत नाही, कारण मग अंश आणि छेद दोघांचंही चिन्ह बदलतं.

अंश घेतले तर हेच सगळं शब्दशः तसंच चालतं, फक्त मधल्या जागी h ऐवजी πh/१८० येतं. मग (sin h)/h ची सीमा १ येत नाही, π/१८० येते, म्हणजे ०.०१७४५३३. हा ५७.२९५८ चा व्यस्त आहे. वर ३० अंशांपाशी जो सत्तावन्नपट फरक दिसला होता तो इथून आला. एका पाकळीच्या क्षेत्रफळातून तो सूत्रात शिरला आणि पुढे प्रत्येक ओळीत राहिला.

कोसाइनचा भागाकार आता फार त्रास देत नाही. (cos h − 1)/h ला वर-खाली (cos h + 1) ने गुणलं की वर cos²h − 1, म्हणजे −sin²h मिळतो. त्याला दोन तुकड्यांत फोडायचं: एक (sin h)/h, जो १ कडे जातो, आणि दुसरा sin h भागिले (1 + cos h), जो शून्य भागिले दोनकडे, म्हणजे शून्याकडे जातो. गुणाकार शून्य. अंशांत पहिला तुकडा ०.०१७४५३३ कडे गेला असता, पण शून्याने गुणल्यावर तोही शून्यच. शून्य कोनापाशी कोसाइनचा वक्र माथ्यावर असतो आणि माथ्यावर उतार सपाट असतो, मग माप कोणतंही असो.

आता मूळ ओळीत परत ठेवू. sin x ला शून्याने गुणलं, cos x ला १ ने गुणलं, आणि साइनचा अवकलज cos x आला. कोसाइनसाठी cos(x + h) = cos x · cos h − sin x · sin h घेऊन हीच वाट चालली की cos x पुढचं पद शून्य होतं आणि −sin x उरतं. ते ऋण चिन्ह पाठ करायची गरज नाही. पहिल्या चरणात कोन वाढवला की कोसाइन १ वरून ० कडे उतरते, म्हणून तिचा दर ऋण असणार.

याच ठिकाणी परीक्षेच्या वह्यांत एक दोष वारंवार दिसतो. (sin h)/h ची सीमा काढायला सांगितली की विद्यार्थी लोपितालचा नियम लावतात: वरच्याचं अवकलन cos h, खालच्याचं १, h शून्य ठेवला, उत्तर १. उत्तर बरोबर आलं, पण सिद्धता झाली नाही, कारण sin h चा अवकलज cos h आहे हे ज्या सीमेवरून सिद्ध व्हायचं तीच सीमा काढायला आपण तो अवकलज वापरला. साइनची अनंत श्रेणी वापरून उत्तर काढणाऱ्यांचीही बहुधा हीच गत होते, कारण ती श्रेणी नेहमीच्या वाटेने मिळते तीच मुळी अवकलजांवरून. असं वर्तुळात फिरणं ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक पायरीवर विचारायचं, की हे मला कुठून कळलं? उत्तर शेवटी त्रिकोण, पाकळी आणि त्यांच्या क्षेत्रफळापर्यंत पोचत नसेल तर कुठेतरी गाठ सुटलेली आहे. बीजगणिताच्या नुसत्या खटपटीने ही सीमा कधीच निघत नाही. तिला भूमिती लागतेच.

आणि भूमितीच घ्यायची तर हे सूत्र अजून सरळ डोळ्यांनी पाहता येतं. मला स्वतःला हीच मांडणी जास्त आवडते. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळावर एक बिंदू x कोनापाशी आहे. आडव्या अक्षापासून त्याची उंची sin x आणि उभ्या अक्षापासून त्याचं अंतर cos x. तो वर्तुळावरून किंचित पुढे, h एवढ्या लांबीचा कंस चालून गेला. इतका छोटा कंस जवळजवळ सरळ रेषाच असतो आणि ती रेषा त्रिज्येला काटकोनात असते. त्रिज्या आडव्या रेषेशी x कोन करते, म्हणून चालण्याची दिशा उभ्या रेषेशी x कोन करते. म्हणजे h एवढ्या चालीतून बिंदू वर चढतो h cos x एवढा आणि डावीकडे सरकतो h sin x एवढा. उंचीतली वाढ भागिले चाल, म्हणजे cos x. डावीकडे सरकणं म्हणजे cos x मध्ये घट, तिचा दर −sin x. दोन्ही सूत्रं एका आकृतीत आली, ऋण चिन्हासकट.

या मांडणीत रेडियन म्हणजे काय हेही उघड होतं. h ही चाललेल्या कंसाची लांबी आहे आणि ती मोजली आहे त्रिज्येच्या पट्टीने. साइन हीसुद्धा एक लांबीच आहे आणि तीही त्याच पट्टीने मोजलेली आहे. दोन्ही लांब्यांची पट्टी एक असली की भागाकारात जादा काही शिल्लक राहत नाही. एक अंश म्हणजे मात्र परिघाचा ३६० वा भाग, आणि त्रिज्या १ असलेल्या वर्तुळावर ते अंतर ०.०१७४५३३ भरतं. बिंदू चालला ०.०१७४५३३ आणि आपण नोंद केली १ ची, तर चढाचा दर त्या प्रमाणात लहान दिसणारच. त्रिज्येइतक्या लांबीचा कंस केंद्रापाशी जो कोन करतो तो एक रेडियन, आणि तो सुमारे ५७.३ अंशांचा असतो.

रेडियन हे नाव छापील स्वरूपात आलं ते १८७३ साली. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या परीक्षेच्या प्रश्नांत ते दिसतं. हे थॉमसन म्हणजे लॉर्ड केल्विन यांचे थोरले भाऊ. नाव नवं असलं तरी त्यामागची पट्टी कितीतरी जुनी आहे, आणि तिचा एक ठसठशीत नमुना आपल्याकडे आहे.

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटीयात ज्यांचं कोष्टक दिलं. त्याने परीघ २१,६०० कलांचा धरला, म्हणजे ३६० अंश गुणिले ६०. इथवर हे अंशांचंच माप आहे. पण त्याच्या कोष्टकातली त्रिज्या आहे ३४३८. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. २१,६०० ला २π ने भागलं की ३४३७.७५ येतात. आर्यभटाचं कोष्टक त्रिज्याही कलांतच मोजतं, म्हणजे कंस आणि ज्या दोघांनाही एकच पट्टी लावतं. याचा परिणाम पहिल्याच ओळीत दिसतो: २२५ कलांच्या कंसाची ज्या २२५. लहान कोनासाठी कंस आणि ज्या जवळजवळ सारख्या, म्हणजे (sin h)/h जवळजवळ १, हे तिथे आकड्यांत उभं आहे. त्रिज्या १०० किंवा १००० अशी गोल धरली असती तर हे साम्य दिसलं नसतं.

या कोष्टकात ३० अंशांची ज्या १७१९ आहे आणि ६० अंशांची २९७८. ६० अंशांची ज्या हीच ३० अंशांची कोटिज्या, म्हणजे आजच्या भाषेत कोसाइन गुणिले त्रिज्या. आता भास्कराचार्यांकडे येऊ. सह्याद्रीच्या परिसरातल्या विज्जडविड गावचे हे गणिती. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे सापडला. ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती काढताना ते ज्यांमधल्या फरकासाठी एक नियम वापरतात. आपल्या शब्दांत तो असा: कोटिज्येला कंसातल्या फरकाने गुणावं आणि त्रिज्येने भागावं, म्हणजे ज्येतला फरक मिळतो. हाच नियम त्यांच्याआधी दोनशे वर्षं मुंजाल या ज्योतिर्विदाच्या लघुमानसातही दिसतो.

हा नियम ३० अंशांपाशी लावून पाहू. कंस एका कलेने वाढवला, तर ज्येतली वाढ २९७८ भागिले ३४३८, म्हणजे ०.८६६. कॅल्क्युलेटरवर अंशांत जो आकडा काही केल्या मिळत नव्हता तो या कोष्टकातून कुठल्याही दुरुस्तीशिवाय मिळतो, कारण इथे कंस आणि त्रिज्या एका पट्टीत आहेत. पाऊल मोठं घेतलं तर काय होतं तेही पाहता येतं. कोष्टकात ३० अंशांच्या पुढची नोंद २२५ कलांनंतर आहे आणि तिथे ज्या १९१० आहे, म्हणजे वाढ १९१. नियमाने येतात १९५. चार कलांची ही तफावत नियमाचा दोष नाही. २२५ कला चालेपर्यंत कोटिज्या स्वतः कमी होत जाते आणि आपण मात्र सुरुवातीचीच वापरली. अवकलजात h शून्याकडे न्यायचा आग्रह कशासाठी, ते या चार कलांवरून कळतं. एवढं खरं, की सीमेची काटेकोर कल्पना त्या काळी मांडली गेली नव्हती. ती युरोपात १९ व्या शतकात नीट झाली. तात्कालिक गतीसाठी ज्येचा दर कोटिज्येने मोजायचा हे मात्र ११५० साली लिहिलेलं होतं.

आता कोणी म्हणेल, की अंशच वापरू आणि प्रत्येक वेळी ०.०१७४५३३ ने गुणू, त्यात काय बिघडलं? तत्त्वतः काही नाही. पण अवकलन एकदाच करून थांबत नाही. साइनचं दोनदा अवकलन केलं तर रेडियनमध्ये −sin x मिळतं, म्हणजे तीच साइन उलट्या चिन्हाने. अंशांत त्याच्या मागे ०.०१७४५३३ चा वर्ग, ०.०००३०४६, लागतो, तिसऱ्यांदा घन, आणि असं पुढे. झोका, स्प्रिंग, लंबक, विजेचा प्रवाह यांची समीकरणं दुसऱ्या अवकलजावर उभी असतात. अंश धरले तर त्या प्रत्येक समीकरणात हा वर्ग वागवावा लागेल, आणि कुठे ना कुठे तो लिहायचा राहील.

तो राहिला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या घरातल्या सॉकेटमध्येच आहे. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. २३० ही परिणामी किंमत झाली. व्होल्टेजचं शिखर त्याच्या वर्गमूळ दोन पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असतं. व्होल्टेज साइनच्या वक्राप्रमाणे सेकंदाला ५० फेऱ्या करतं. ते शून्यातून जात असताना जास्तीत जास्त किती वेगाने बदलतं? रेडियनमध्ये सेकंदाला ५० गुणिले २π, म्हणजे ३१४.१६ रेडियन. साखळी नियमाने दर आला ३२५ गुणिले ३१४.१६, सेकंदाला सुमारे १,०२,००० व्होल्ट, किंवा हजारांश सेकंदाला १०२ व्होल्ट.

हाच हिशेब कोणी अंशांत केला आणि अवकलज नुसता कोसाइन धरला, तर सेकंदाला १८,००० अंश गुणिले ३२५, म्हणजे हजारांश सेकंदाला ५,८५० व्होल्ट असं उत्तर येईल. हे चुकलं आहे हे पुस्तक न उघडता कळतं. एक फेरी वीस हजारांश सेकंदांत, म्हणजे ०.०२ सेकंदात होते. तिच्या पाव भागात, पाच हजारांश सेकंदांत, व्होल्टेज शून्यावरून ३२५ वर जातं. सरासरी वेग हजारांश सेकंदाला ६५ व्होल्ट. शून्यापाशी चढ सर्वांत तीव्र असतो म्हणून कमाल वेग याहून जास्त हवा, आणि १०२ तसा आहे. ५,८५० असता तर शिखर गाठायला पाच हजारांश कशाला लागले असते? कुठल्याही हिशेबात उत्तर ५७ पट मोठं किंवा लहान दिसलं, तर पहिला संशय कोनाच्या मापावर घ्यावा.

कॉम्प्युटरच्या भाषा हा प्रश्न विचारत बसत नाहीत. त्या साइनला दिलेली संख्या रेडियनच समजतात. एक्सेलही तसंच वागतं. पायथनमध्ये पाहा:

```python
import math
print(math.sin(30))
print(math.sin(math.radians(30)))
```

पहिल्या ओळीचं उत्तर −०.९८८ च्या आसपास येतं, कारण ३० रेडियन म्हणजे जवळजवळ पावणेपाच फेऱ्या. दुसरीत अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर आधी केलं, म्हणून उत्तर ०.५ येतं, शेवटच्या दशांश स्थानांतली किरकोळ घट सोडली तर. तीस अंशांची साइन ऋण येऊच शकत नाही, त्यामुळे ही चूक लगेच पकडता येते. अवकलनातली चूक मात्र चिन्ह बदलत नाही, नुसता आकार बदलते, म्हणून ती जास्त काळ लपून राहते.

याचा अर्थ अंश टाकून द्यावेत असा नाही. जमिनीची मोजणी, नकाशे, सुताराचा गुण्या, छपराचा उतार, या कामांत कोन फक्त दाखवायचा आणि त्यावरून एखादी लांबी काढायची असते. तिथे ३६० हा आकडा सोयीचा आहे, कारण तो २, ३, ४, ५, ६, ८, ९, १० या सगळ्यांनी निःशेष भागला जातो. त्रिकोण सोडवताना साइनचं मूल्य अंशांवरून घेतलं काय किंवा रेडियनवरून, लांबी तीच येते. कोन बदलण्याचा दर विचारला गेला, एखाद्या कंसाची लांबी किंवा पाकळीचं क्षेत्रफळ कोनाशी थेट जोडायचं झालं, की तिथून पुढे रेडियन लागतात.

गणिताच्या शिक्षकांना म्हणून एवढंच सुचवावंसं वाटतं, की sin x चा अवकलज फळ्यावर लिहिण्याआधी पाकळीची आकृती काढा, तिचं क्षेत्रफळ आधी अंशांत लिहा, मग रेडियनमध्ये, आणि (sin h)/h ची सीमा मुलांकडून दोन्ही मापांत काढून घ्या. त्याला अर्धा तासही लागत नाही.